पत्तूरचा नटराज आणि बम्पर कंपनी: लंडनच्या न्यायालयात समोरासमोर आलेल्या दोन विधिक व्यक्ती

1976 साली तमिळनाडूतील पत्तूर या खेड्यात एक भूमिहीन मजूर आपल्या झोपडीजवळ खणत असताना त्याच्या कुदळीला धातूची वस्तू लागली. ती नटराजाची कांस्यमूर्ती होती आणि तिच्या आसपास आणखीही काही मूर्ती पुरलेल्या होत्या. शेजारी एका जुन्या शिवमंदिराचे अवशेष होते. हे मंदिर अनेक शतके पडक्या अवस्थेत होते आणि तेथे नित्यपूजा होत नव्हती. आक्रमणाच्या किंवा लुटीच्या भीतीने देवाच्या धातुमूर्ती जमिनीत पुरून ठेवण्याची रीत दक्षिणेत जुनी आहे, त्यामुळे असा साठा सापडणे ही अनोखी गोष्ट नव्हती. कायद्यानुसार ही बाब सरकारी अधिकाऱ्यांना कळवणे आवश्यक होते. ते घडले नाही, आणि नटराज एका हातातून दुसऱ्या हाती विकला जात अखेर देशाबाहेर गेला.

1982 साली कॅनडातील अल्बर्टा प्रांताच्या बम्पर डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने लंडनमधील एका विक्रेत्याकडून नटराजाची एक मूर्ती विकत घेतली. ती भारतातून बऱ्याच आधी बाहेर पडली होती असे भासवणारी खोटी माहिती विक्रेत्याने दिली होती. कंपनीने सद्भावनेने खरेदी केली, हे पुढे न्यायालयानेही मान्य केले. मूर्ती स्वच्छता व जतनासाठी ब्रिटिश म्युझियममध्ये दिलेली असताना लंडनच्या पोलिसांनी ती ताब्यात घेतली, आणि कंपनीने मूर्ती परत मिळावी म्हणून पोलीस आयुक्तांवर दावा लावला. पोलिसांना त्या मूर्तीत स्वतःचा असा काही हक्क सांगायचा नव्हता, म्हणून खरी लढत कंपनी आणि भारतातून पुढे आलेले हक्कदार यांच्यात झाली.

हे हक्कदार पाच होते. भारत सरकार आणि तमिळनाडू राज्य यांची नावे अपेक्षित होती. तिसरे नाव सदगोपन यांचे होते, ज्यांना राज्याच्या देवस्थानविषयक कायद्याखाली त्या मंदिराचा कारभार पाहण्यासाठी योग्य व्यक्ती म्हणून नेमलेले होते. चौथा हक्कदार खुद्द मंदिर होता. पाचवा हक्कदार, जो दाव्यात नंतर जोडला गेला, तो मंदिराच्या जागी सापडलेले आणि पुन्हा पूजेत घेतलेले दगडी शिवलिंग होता. एका बाजूला कॅनडाची कंपनी आणि दुसऱ्या बाजूला तमिळ खेड्यातले शिवलिंग, अशी नावे इंग्लंडच्या न्यायालयाच्या कागदावर समोरासमोर आली. यातील कोणीही हाडामांसाचे नव्हते, तर हक्क आणि देणी असू शकणाऱ्या, कायद्याने मानलेल्या म्हणजे विधिक व्यक्ती होत्या, ही गोष्ट मला या प्रकरणाच्या मर्माशी असलेली वाटते.

कंपनीबद्दल कोणालाही प्रश्न पडला नाही. इंग्लंडच्या सर्वोच्च अपील न्यायासनाने, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सने, 1897 साली सॉलोमन या बूटव्यावसायिकाच्या खटल्यात ठरवले होते की त्याने स्थापलेली कंपनी ही त्याच्यापासून वेगळी व्यक्ती आहे. कंपनीच्या 20,007 भागांपैकी 20,001 भाग एकट्या सॉलोमनच्या हाती होते, उरलेले सहा त्याच्या बायकोमुलांच्या नावावर होते, तरीही कंपनीची देणी म्हणजे सॉलोमनची देणी नव्हेत असे ठरले. हे तत्त्व इतके मुरले आहे की अल्बर्टातील एका नोंदणी कार्यालयातील नोंदीमुळे जन्मलेली संस्था लंडनमध्ये वादी म्हणून उभी राहते, तेव्हा तिच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून एक प्रमाणपत्र पुरेसे होते. देवळाला मात्र असे प्रमाणपत्र नव्हते. इंग्लंडच्या कायद्यात मंदिर ही व्यक्ती नाही, म्हणून मंदिर किंवा शिवलिंग पक्षकार होऊच शकत नाही, असा कंपनीचा आक्षेप होता.

याचे उत्तर भारतीय कायद्यात शोधावे लागते, आणि तो शोध आपल्याला मुंबई उच्च न्यायालयाकडे घेऊन येतो. 1887 साली त्या न्यायालयात मनोहर गणेश तांबेकर विरुद्ध लखमीराम गोविंदराम हे प्रकरण निकाली निघाले. खेडा जिल्ह्यातील डाकोर येथील रणछोडरायाच्या मंदिरात येणारे द्रव्य सेवक आपलेच समजत होते आणि त्याचा हिशेब देण्याची जबाबदारी त्यांना मान्य नव्हती. न्यायमूर्ती वेस्ट यांनी तेथे मांडले की रोमन कायद्याप्रमाणेच हिंदू कायदाही दोन प्रकारच्या विधिक व्यक्ती ओळखतो. पहिल्या प्रकारात माणसांचा समूह असतो, ज्याची मालमत्ता त्याच्या सभासदांपासून वेगळी असते. दुसऱ्या प्रकारात समूह नसतोच, तर एखाद्या हेतूसाठी अर्पण केलेली मालमत्ता असते, आणि तो हेतूच त्या मालमत्तेचा धनी ठरतो. दात्याने विश्वस्त नेमले नाहीत तरी त्याने धर्मकार्याचा संकल्प सांगून द्रव्य किंवा जमीन वेगळी काढली असेल, तर राजसत्ता त्या संकल्पाचे रक्षण करते, कारण इंग्लंडच्या पद्धतीचा विश्वस्त-करार ही येथल्या परंपरेची अट नाही.

हा युक्तिवाद नीट वाचला की देव मालमत्तेचा मालक आहे, या विधानाचा गैरसमज दूर होतो. न्यायालय देव आहे किंवा नाही हे ठरवत नाही, आणि मूर्तीच्या ठायी मन किंवा चैतन्य आहे असेही मानत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1956 साली देवकीनंदन विरुद्ध मुरलीधर या प्रकरणात स्पष्ट केले की मूर्तीकडे मालमत्ता असते ती केवळ एका आदर्श अर्थाने, आणि दानाचा खरा लाभ भक्तांना मिळतो. मूर्ती म्हणजे दात्याच्या संकल्पाला बोट दाखवण्याजोगे दिलेले रूप. महाराष्ट्रातील देवस्थान इनामाच्या जमिनींच्या सातबाऱ्यावर कित्येकदा देवाचेच नाव असते आणि गुरव किंवा पुजारी यांची नोंद वहिवाटदार म्हणून होते, ती याच विचाराची रोजची, तलाठ्याच्या दप्तरातली खूण आहे. पुजाऱ्याच्या पिढ्या बदलतात, वाटण्या होतात, कर्जे होतात, पण जमीन देवाच्या नावावर असल्यामुळे ती या उलथापालथीत वारसांमध्ये विभागली जात नाही.

आता पत्तूरकडे परत यावे. तेथील अडचण अशी होती की मंदिर पडलेले, पूजा थांबलेली आणि मूर्ती जमिनीखाली. मग मालक कोण उरला? खालच्या न्यायालयाचे न्यायमूर्ती इयान केनेडी यांनी दिलेले उत्तर डाकोरच्या तत्त्वाशी जुळणारे आहे. शतकांपूर्वी ज्या स्थानिक प्रतिष्ठिताने जमीन देऊन ते मंदिर बांधले, त्याचा धार्मिक संकल्प मंदिर ओस पडल्यामुळे संपला नाही, तर तो शिवलिंगाच्या रूपाने अजून जिवंत आहे, असे त्यांनी मानले. इमारत पडणे म्हणजे संस्थेचा मृत्यू नव्हे. अयोध्या प्रकरणात 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही याच दिशेने म्हटले की विधिक व्यक्तित्व मूळ धार्मिक हेतूला असते, मूर्ती हे त्याचे मूर्त रूप असते, आणि मूर्ती नष्ट झाली तरी हेतू, आणि त्याबरोबर व्यक्तित्व, टिकते. कंपनीशी तुलना केली तर फरक लक्षात येतो. कंपनीला कायदा नोंदणीने जन्म देतो आणि नोंदवहीतून नाव काढून मृत्यूही देतो, परंतु देवस्थानाचा जन्म दानातून होतो आणि त्याच्या समाप्तीचा असा ठरावीक क्षण कायद्याने नेमून ठेवलेला नाही.

1991 च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या अपील न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा त्याने शिवलिंगाच्या प्रश्नात शिरण्याची गरज मानली नाही. मंदिर भारतीय कायद्याने पक्षकार होऊ शकते, आणि दुसऱ्या देशाने मान्य केलेल्या व्यक्तीला दाद मागू देणे इंग्लंडच्या लोकहिताच्या विरुद्ध नाही, उलट राष्ट्रांमधील परस्पर सौजन्याला धरून आहे, असे न्यायालयाने ठरवले. मंदिर स्वतः बोलू शकत नाही, म्हणून सदगोपन यांच्यामार्फत त्याने दावा चालवावा. मंदिराचा हक्क कंपनीच्या हक्कापेक्षा वरचढ ठरला आणि कंपनीचे अपील फेटाळले गेले. कंपनी खोटे बोलली नव्हती, पण चोरीच्या मालाची प्रामाणिक खरेदी मूळ मालकाचा हक्क बुडवत नाही.

केवळ व्यक्तित्वाने मात्र खटला जिंकता आला नसता. हा भाग या प्रकरणाची चर्चा करणारे बहुधा घाईने ओलांडतात, म्हणून येथे थांबावे असे मला वाटते. मंदिर मालक आहे, हे मान्य झाले तरी लंडनमधला नटराज हाच पत्तूरचा नटराज आहे, हे सिद्ध करायचे होतेच. त्यासाठी पत्तूरच्या साठ्यातील उरलेल्या मूर्तींशी या मूर्तीची तुलना झाली. शैलीचे जाणकार, धातूचे जाणकार, तसेच मूर्तीवर चिकटलेली माती आणि वाळवीच्या वाटांच्या खुणा तपासणारे जाणकार साक्षीला आले, आणि त्यांच्यात मतभेदही झाले. ज्या देवस्थानाच्या मूर्तींची छायाचित्रे, वजन, मापे आणि खोदलेल्या खुणा दप्तरात नसतात, त्याचा विधिक हक्क कागदावर कितीही भक्कम असला तरी चोरी झाल्यावर तो सिद्ध करणे फार कठीण जाते. पत्तूरच्या बाबतीत साठ्यातल्या इतर मूर्ती मागे राहिल्या होत्या, हे मंदिराचे मोठे दैव होते.

दुसरा प्रश्न मंदिराच्या वतीने बोलतो कोण, हा आहे. 1925 साली ब्रिटिश भारतातील अपिलांचे लंडनमधील अंतिम न्यायासन असलेल्या प्रिव्ही कौन्सिलपुढे कोलकात्याच्या मलिक घराण्यातील एक वाद आला होता. घराण्यातील वहिवाटदारांपैकी, ज्यांना बंगालमध्ये शेबाईत म्हणतात, एकाची पूजेची पाळी येई तेव्हा कुलदैवत आपल्या घरी नेण्याचा त्याचा आग्रह होता, आणि इतर त्याला विरोध करत होते. सर्वांचे भांडण आपापसांतल्या हक्कांचे होते. प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की मूर्ती ही जंगम वस्तू नाही, ती विधिक व्यक्ती आहे, आणि ती कोठे राहावी याबाबत तिचीही एक इच्छा आहे, जी तिच्या पालकामार्फत व्यक्त होते. पण भांडणाऱ्या शेबाईतांपैकी कोणालाही तिच्या वतीने बोलू देणे योग्य नव्हते. म्हणून न्यायालयाने ज्याचा स्वतःचा काही स्वार्थ नाही असा, मूर्तीच्या वतीने बाजू मांडणारा वादमित्र नेमावा, आणि घरातील स्त्रियांनाही या प्रश्नावर बोलण्याची संधी मिळावी, असे सांगून प्रकरण परत पाठवले गेले. 1925 सालच्या निकालात देवाच्या नावाने बोलण्याचा मान घरातील पुरुषांपुरता ठेवला गेला नाही, याचे महत्त्व मला फार वाटते.

वहिवाटदारच देवाच्या मालमत्तेवर डल्ला मारत असेल तर काय, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली बिश्वनाथ विरुद्ध श्री ठाकूर राधावल्लभजी या प्रकरणात दिले. देवाची स्थिती अज्ञान बालकासारखी आहे, आणि पालकच बालकाविरुद्ध वागत असेल तर देवाच्या हितासाठी एखादा भक्तही देवाच्या नावाने दावा लावू शकतो, असे तेथे ठरले. ही उपमा मर्यादेत वापरावी लागते. देव बालकासारखा आहे, म्हणून मुदतीचा कायदाच त्याला लागू नाही, असा दावा करणारे पक्षकार आजही भेटतात, पण केवळ या उपमेच्या आधारे मुदत वाढत नाही. शिवाय व्यक्तित्व केवळ हक्क देत नाही. 1969 साली योगेंद्रनाथ नस्कर यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देवता ही आयकराच्या अर्थाने करदाती असू शकते असे ठरवले, म्हणजे देवाच्या नावावर उत्पन्न आले तर त्याची देणीही त्याच्याच नावे येतात.

याच मुद्द्यावर नद्यांचे प्रकरण अडले. 20 मार्च 2017 रोजी उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना या नद्यांना, त्यांच्या उपनद्यांसह, विधिक व्यक्ती घोषित केले आणि त्यासाठी मूर्ती व गुरु ग्रंथसाहिब यांच्याविषयीच्या निर्णयांचा आधार घेतला. नमामि गंगे योजनेचे संचालक, राज्याचे मुख्य सचिव आणि महाधिवक्ता यांना नद्यांचे पालक म्हणून नेमले गेले. हेतू खरा होता, कारण प्रदूषित होणाऱ्या नदीच्या वतीने न्यायालयात उभे राहणारे कोणी नव्हते. पण वतीने बोलण्याचा अधिकार आणि देण्यांची जबाबदारी हे दोन्ही दुवे येथे सैल होते. गंगा उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड आणि बंगाल यांतून वाहते, आणि एका राज्याचे अधिकारी तिचे पालक झाले तर दुसऱ्या राज्याच्या कारभाराविरुद्ध त्यांचा अधिकार काय, हे स्पष्ट नव्हते. त्याहून मोठी अडचण अशी की पुराने घरे वाहून गेली, माणसे दगावली, तर नदीवर नुकसानभरपाईचा दावा होईल का, आणि तो पालकांच्या माथी बसेल का, हा प्रश्न राज्य सरकारनेच सर्वोच्च न्यायालयात उभा केला. 7 जुलै 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली.

त्याच मार्च महिन्यात न्यूझीलंडच्या संसदेने वांगानुई नदीविषयी कायदा करून तिला व्यक्तित्व दिले, पण तो न्यायालयाचा एका ओळीचा आदेश नव्हता. नदीच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माओरी समाजाशी झालेल्या दीर्घ तडजोडीचा तो भाग होता. त्यात नदीसाठी दोन माणसांचे एक पद निर्माण झाले, ज्यांतील एकाला सरकार आणि दुसऱ्याला त्या माओरी समाजाने नेमायचे असते, आणि तीन कोटी न्यूझीलंड डॉलर इतका निधी त्यासाठी बाजूला काढला गेला. ज्याच्याविरुद्ध नदीला कदाचित लढावे लागेल, त्या शासनाच्याच अधिकाऱ्यांच्या हाती तिचा आवाज पूर्णपणे सोपवलेला नाही, हा 1925 च्या विचारसरणीला जवळचा विचार आहे, आणि उत्तराखंडच्या आदेशात मला त्याचीच उणीव दिसते.

उलट बाजूचे एक उदाहरणही येथे नोंदवणे आवश्यक आहे. अयोध्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने श्रीरामाच्या विराजमान मूर्तीला विधिक व्यक्ती मानले, पण जन्मस्थान म्हणून सांगितलेल्या जमिनीला तसे मानण्यास नकार दिला. श्रद्धेच्या बळावर जमीनच व्यक्ती ठरली, तर त्या जमिनीवरचे इतर सर्वांचे हक्क एका फटक्यात नाहीसे होतील, कारण व्यक्तीवर कोणी मालकी सांगू शकत नाही, अशी ती चिंता होती. मूर्तीला व्यक्ती मानल्याने दानाचे रक्षण होते, परंतु जमिनीलाच व्यक्ती मानल्याने मालकीचा वाद पुराव्याविना निकाली निघाला असता, आणि हा फरक न्यायालयाने जपला.

पत्तूरचा नटराज 1991 सालीच भारतात परत आला, पण तो पत्तूरच्या मंदिरात गेला नाही. चोरीच्या भीतीने तो तिरुवारूर येथील मूर्ती सुरक्षित ठेवण्याच्या केंद्रात ठेवला गेला, जेथे आसपासच्या अनेक मंदिरांच्या मूर्ती कुलुपाआड आहेत. राज्याच्या देवस्थान विभागाचे कारण समजण्यासारखे आहे, कारण ज्या मंदिराला पहारा नाही तेथे मूर्ती पुन्हा चोरीला जाऊ शकते. तरीही कोलकात्याच्या मलिक प्रकरणाचा प्रश्न येथे जसाच्या तसा लागू पडतो, कारण मूर्तीने कोठे राहावे हे ठरवताना मूर्तीच्या बाजूने कोणी तरी बोलायला हवे. लंडनमध्ये मंदिराच्या वतीने राज्याच्या कायद्याखाली नेमलेली योग्य व्यक्ती बोलली आणि मूर्ती जिंकून आली. आज कुलूप राज्याच्या हाती आहे, त्यामुळे नटराजाने आपल्या मंदिरात परतावे असे एखाद्या भक्ताला वाटत असेल, तर त्याला देवाच्या नावाने अर्ज करावा लागेल, आणि न्यायालयाला त्या अर्जात देवाच्या बाजूने विभागाबाहेरचा, निःस्वार्थ असा वादमित्र नेमावा लागेल.